शेवटचं भाडं आलं तरी लीजच्या खात्यात रक्कम का उरते?

वडोदऱ्यात मशिनरी लीजवर देणाऱ्या छोट्या कंपन्यांचे हिशेब पाहताना एक तक्रार दर दोन-चार महिन्यांनी समोर येते. मुदत संपली, सगळी भाडी बँकेत आली, मशीनही परत आलं, पण लीजच्या लेजरमध्ये लाख-दोन लाख अजून उभेच आहेत. कुठे उलटं असतं: भाडी यायची बाकी असताना खातं क्रेडिटमध्ये गेलेलं असतं. मग मेहताजी ‘राउंडिंग’ म्हणून एक जर्नल व्हाउचर मारून मोकळे होतात. तीन लाखांचं राउंडिंग नसतं. उरलेल्या रकमेचा आकार पाहिला की चूक कुठे आहे ते बहुतेक वेळा कळतं, आणि ते कसं ओळखायचं हेच इथे लिहितो आहे.

एकच उदाहरण घेऊन पुढे जाऊ. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कंपनीने करजण बाजूच्या जिनिंग मिलला कापसाच्या गाठी बांधणारा प्रेस लीजवर दिला. किंमत ₹२०,००,०००, जीएसटी वेगळा. मुदत १ ऑक्टोबर २०२१ ते ३० सप्टेंबर २०२५, चार वर्षं. कापसाचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो, म्हणून भाडं वर्षातून एकदा, दर १ ऑक्टोबरला आगाऊ, ₹५,५०,५५५. मुदत संपली की मशीन परत घ्यायचं आणि तेव्हा त्याचे ₹२,००,००० येतील असा कंपनीचा अंदाज. या दोन लाखांची हमी कुणीच दिलेली नाही. या रकमेला रेसिड्युअल म्हणू.

हे फायनान्स लीजच का? चार भाड्यांची आजची किंमत १२ टक्क्यांनी काढली तर साधारण १८ लाख ७३ हजार होते, म्हणजे मशीनच्या किमतीच्या ९३ टक्क्यांहून जास्त. मालकीची बहुतेक सगळी जोखीम आणि बहुतेक सगळा फायदा मिलकडे गेला. कंपनी एएस १९ लावते. त्यात नव्वद टक्क्यांची रेघ कुठेही आखलेली नाही, पण या आकड्यावर वाद घालणारा ऑडिटर मला अजून भेटलेला नाही. इंड एएस ११६ लावणाऱ्यांसाठी व्याज वाटण्याचं गणित हेच राहतं.

आता पहिला प्रश्न व्याजदराचा. फायनान्स लीजमधला दर तोंडी ठरत नाही, तो व्यवहारातूनच काढायचा असतो: भाडी आणि रेसिड्युअल यांची आजची किंमत ज्या दराने बरोबर वीस लाख येते, तो दर. एक्सेलमध्ये:

```
=RATE(4,550555,-2000000,200000,1)
```

उत्तर १२ टक्के येतं. शेवटचा 1 महत्त्वाचा आहे. भाडं काळाच्या सुरुवातीला येतं हे एक्सेलला तोच सांगतो. तो विसरला तर एक्सेल मुकाट्याने साधारण ७.४ टक्के दाखवतं, आणि त्या दराने केलेला तक्ताही शेवटी दोन लाखांवर नीट येऊन थांबतो. फक्त त्यात पहिलं भाडं सप्टेंबर २०२२ मध्ये आलेलं असतं आणि बँकेच्या पासबुकात ते ऑक्टोबर २०२१ मध्ये आहे. म्हणून तक्ता हातात आला की मी आधी तारखा पाहतो, बेरजा नंतर.

बरोबर तक्ता असा:

| वर्ष (१ ऑक्टोबरपासून) | भाड्याआधीची बाकी | भाडं | भाड्यानंतरची बाकी | वर्षाचं व्याज १२% |
|---|---|---|---|---|
| २०२१ | २०,००,००० | ५,५०,५५५ | १४,४९,४४५ | १,७३,९३३ |
| २०२२ | १६,२३,३७८ | ५,५०,५५५ | १०,७२,८२३ | १,२८,७३९ |
| २०२३ | १२,०१,५६२ | ५,५०,५५५ | ६,५१,००७ | ७८,१२१ |
| २०२४ | ७,२९,१२८ | ५,५०,५५५ | १,७८,५७३ | २१,४२७ |

शेवटच्या वर्षाचं व्याज हिशेबाने २१,४२९ येतं. दोन रुपये कमी केले की बाकी बरोबर ₹२,००,००० राहते. राउंडिंग म्हणतात ते हे दोन रुपये. एकूण व्याज ₹४,०२,२२०. पडताळा सोपा आहे: चार भाडी ₹२२,०२,२२० अधिक रेसिड्युअल दोन लाख, वजा मशीनचे वीस लाख.

खात्यांची मांडणी मी अशी ठेवायला सांगतो. ‘लीज नेट इन्व्हेस्टमेंट’ हे एक लेजर आणि मिलच्या नावाचं नेहमीचं डेटर लेजर, दोन्ही वेगळी. मशीन घेतलं त्या दिवशी नेट इन्व्हेस्टमेंट डेबिट ₹२०,००,०००, इनपुट जीएसटी डेबिट ₹३,६०,०००, सप्लायर क्रेडिट ₹२३,६०,०००. मशीन फिक्स्ड असेटमध्ये जातच नाही. भाड्याचं बिल काढलं की मिल डेबिट ₹६,४९,६५४.९०, नेट इन्व्हेस्टमेंट क्रेडिट ₹५,५०,५५५, सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी ₹४९,५४९.९५ क्रेडिट. पैसे आले की बँक डेबिट ₹६,३८,६४३.९०, टीडीएस येणे डेबिट ₹११,०११, मिल क्रेडिट ₹६,४९,६५४.९०. मशिनरीच्या भाड्यावर टीडीएस २ टक्के, तोही जीएसटी सोडून फक्त भाड्यावर. व्याजाची एन्ट्री स्वतंत्र: नेट इन्व्हेस्टमेंट डेबिट, फायनान्स इन्कम क्रेडिट.

बिलाच्या एन्ट्रीत उत्पन्नाचं खातं कुठेच नाही, हे पाहून नवीन मुलं हमखास अडतात. ‘सर, बिल फाडलं आणि इन्कम शून्य?’ हो, शून्य. भाडं म्हणजे मुद्दल आणि आधीच जमा धरलेल्या व्याजाची वसुली. उत्पन्न व्याजाच्या व्हाउचरमधून येतं, आणि ते व्हाउचर बिलाची वाट पाहत नाही.

आता फरकांकडे. पहिला आणि सगळ्यात जास्त भेटणारा: मुदतीअखेर दोन लाखांऐवजी ₹५,१५,७५६ उभे, म्हणजे ₹३,१५,७५६ जास्त. इथे पहिल्या वर्षाचं व्याज पूर्ण वीस लाखांवर धरलेलं असतं, ₹२,४०,०००. पण पहिलं भाडं त्याच दिवशी आलं होतं. मिलने प्रत्यक्षात वापरले साडेचौदा लाख, वीस नव्हे. पुढच्या प्रत्येक वर्षी तीच चूक चालू राहते आणि व्याजावर व्याज चढत जातं: २,०२,७३३, मग १,६०,९९५, मग १,१४,२४८. ओळखायची खूण अशी की जास्तीचा फरक एका भाड्याला ०.५७३५ ने गुणलं की येतो, कारण १.१२ चा चौथा घात १.५७३५ आहे. दर किंवा मुदत वेगळी असेल तर घात बदलेल, पद्धत तीच. फरक या गुणाकाराशी जुळला तर आणखी काही शोधू नका, आगाऊ भाडं वर्षाअखेरचं म्हणून धरलं गेलं आहे.

दुसरा फरक दरवर्षी सारखाच वाढतो. आपल्या उदाहरणात नेट इन्व्हेस्टमेंट खातं तक्त्यापेक्षा पहिल्या वर्षी ₹८८,०८९ ने कमी, दुसऱ्या वर्षी ₹१,७६,१७८ ने कमी, आणि मुदतीअखेर ₹३,५२,३५६ ने. बिलाच्या वेळी मिलच्या नावावर फक्त जीएसटीची एन्ट्री होते आणि पैसे येतात तेव्हा बँकेत आलेली अख्खी रक्कम थेट लीजच्या खात्याला क्रेडिट केली जाते, म्हणून हे होतं. जीएसटीचे ९९,१०० त्यात घुसतात आणि टीडीएसचे ११,०११ सुटतात. दोन्हींची वजाबाकी म्हणजे ८८,०८९. अशा खात्यात मुदतीअखेर दोन लाखांऐवजी दीड लाखाची क्रेडिट बाकी दिसते आणि शेठ विचारतात की मशीन आपलं आणि आपणच मिलला देणं लागतो का. पहिली चूक व्याजाची असल्याने दरवर्षी वेगळ्या आकड्याने वाढते. ही मात्र वसुलीची आहे, म्हणून तिचा आकडा जसाच्या तसा परत येतो. तक्ता एक्सेलमध्ये बरोबर असेल आणि फरक एकाच आकड्याच्या पटीत असेल, तर बँक व्हाउचर उघडा. दोन लेजर वेगळी ठेवण्याचा आग्रह एवढ्यासाठीच आहे.

तिसरी चूक जास्त त्रास देते, कारण तिच्यात शेवटी काहीच उरत नाही. एकूण व्याज ४,०२,२२० काढलं, चाराने भागलं, दरवर्षी ₹१,००,५५५ टाकलं. मुदतीअखेर बाकी बरोबर दोन लाख. सगळे खूश. पण लीजवर देणाऱ्याने व्याज असं वाटायचं असतं की बाकी असलेल्या रकमेवर दर काळात दर तोच राहिला पाहिजे. म्हणून प्रत्येक वर्षाचं व्याज भाड्यानंतरच्या बाकीने भागून पाहा. सरळ वाटणीत पहिल्या वर्षी १४,४९,४४५ वर १,००,५५५ म्हणजे ७ टक्क्यांच्याही खाली. दुसऱ्या वर्षी १० टक्के, तिसऱ्या वर्षी १८. चौथ्या वर्षी भाड्यानंतरची बाकी उरते ₹९९,४४५ आणि व्याज ₹१,००,५५५, म्हणजे १०१ टक्के! हा एकच आकडा शेठना दाखवला की पुढे समजावत बसावं लागत नाही. पहिल्या वर्षाचं उत्पन्न ७३ हजारांनी कमी दाखवलं गेलं आणि शेवटच्या वर्षाचं ७९ हजारांनी जास्त. बेरीज जुळली यावरून वाटणी बरोबर झाली असं म्हणता येत नाही.

याच जातीचा आणखी एक प्रकार मार्चअखेर होतो. लीजचं वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर, हिशेबाचं एप्रिल ते मार्च. सरलेल्या लीज-वर्षाच्या व्याजाचं व्हाउचर पुढच्या १ ऑक्टोबरलाच टाकायची सवय असेल तर ३१ मार्च २०२२ च्या नफा-तोट्यात या लीजचं व्याज शून्य, आणि पुढच्या वर्षी एकदम पावणेदोन लाख. बरोबर वाटणी लीज-वर्षाचं व्याज सहा-सहा महिन्यांत तोडून होते: २०२१-२२ मध्ये ₹८६,९६७, २०२२-२३ मध्ये ₹१,५१,३३६, २०२३-२४ मध्ये ₹१,०३,४३०, २०२४-२५ मध्ये ₹४९,७७४ आणि २०२५-२६ मध्ये ₹१०,७१३. बेरीज पुन्हा ४,०२,२२०. दुसऱ्या वर्षी उत्पन्न वाढून मग उतरतं याने गोंधळू नका, पहिल्या वर्षात लीजचे सहाच महिने होते. मार्चचं व्हाउचर टाकल्यावर सप्टेंबरअखेर फक्त उरलेला अर्धा भाग टाकायचा. पूर्ण वर्षाचं व्याज पुन्हा टाकलं की सहा महिने दोनदा मोजले जातात, आणि हा दोष सापडतो तो थेट पुढच्या ऑडिटला.

घसाऱ्याचं काय, हे विचारणारे पुष्कळ. पुस्तकात लीजवर दिलेल्या या मशीनवर घसारा नाही, कारण ते आपल्या फिक्स्ड असेटमध्येच नाही. तरीही काही ठिकाणी व्याजही धरलेलं दिसतं आणि मशीन असेटमध्ये ठेवून घसाराही काढलेला. कारण विचारलं तर उत्तर येतं, ‘इन्कम टॅक्समध्ये मिळतो ना!’ मिळतो, हे खरं. सीबीडीटीच्या २००१ च्या परिपत्रक क्रमांक २ मध्ये स्पष्ट केलं आहे की अकाउंटिंग स्टँडर्डमुळे आयकरातल्या घसाऱ्याच्या हक्कावर परिणाम होत नाही, आणि आय.सी.डी.एस. लिमिटेडच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये लीजवर देणाऱ्या मालकाचा घसारा मान्य केला. पण तो हिशेब आयकराच्या कॉम्प्युटेशनमध्ये होतो: तिथे पुस्तकातलं व्याज वजा, पूर्ण भाडं मिळवायचं, घसारा वजा. दोन्हींतल्या तफावतीवर डेफर्ड टॅक्स बसतो. पुस्तकातला घसारा काढून टाकला म्हणून आयकरातला जात नाही.

रेसिड्युअलचा दोष मात्र सावकाश कळतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीच्या लक्षात आलं असं समजा, की असे जुने प्रेस बाजारात ₹१,२०,००० च्या वर जात नाहीत. बरेच जण गप्प बसतात आणि मशीन विकल्यावर ऐंशी हजारांचा तोटा एकदम दाखवतात. हे चालत नाही. हमी नसलेल्या रेसिड्युअलचा अंदाज नियमित तपासायचा असतो, आणि तो घटला तर आजवर हिशेबात आलेला भाग लगेच उडवायचा. ऐंशी हजारांची एक वर्ष आधीची किंमत १२ टक्क्यांनी ₹७१,४२९. तेवढं नेट इन्व्हेस्टमेंट क्रेडिट, नफा-तोट्याला डेबिट. बाकी राहते ₹१,०७,१४४. तिच्यावर शेवटच्या वर्षाचं व्याज २१,४२७ नव्हे, ₹१२,८५६ (इथेही एक रुपया राउंडिंगचा). सप्टेंबर २०२५ अखेर खातं ₹१,२०,००० वर येतं. उलट बाजार चढला म्हणून अंदाज वर नेता येत नाही, एएस १९ ते नाकारतं. मिलने रेसिड्युअलची लेखी हमी दिली असती तर ती रक्कम भाड्यांबरोबर मिलकडून येणं झाली असती, आणि प्रश्न बाजारभावाचा न राहता वसुलीचा झाला असता. म्हणून करारातलं ते एक कलम आधी वाचा, तक्ता नंतर करा.

मशीन परत आलं की नेट इन्व्हेस्टमेंट क्रेडिट ₹२,००,०००. डेबिट कुठे, ते पुढच्या बेतावर: विकायचं असेल तर स्टॉकला, स्वतः वापरायचं किंवा भाड्याने फिरवायचं असेल तर मशिनरीला. अंदाज घटवून खातं १,२०,००० वर आणलं असेल तर तीच रक्कम.

आणि जुन्या वर्षांतली चूक आज सापडली तर? पहिलाच फरक घेऊ, ₹३,१५,७५६. ३० सप्टेंबर २०२५ ला तो सगळा एका झटक्यात चालू वर्षाच्या व्याजातून वजा करायचा मोह होतो. तसं केलं तर २०२५-२६ चं फायनान्स इन्कम उणे दिसेल. आधी त्याचे दोन भाग पाडा. चालू वर्षात, एप्रिल ते सप्टेंबर, चुकीच्या तक्त्याने ५७,१२४ धरले होते, हवे होते १०,७१३. म्हणजे ₹४६,४११ चालू वर्षाचे आणि ते फायनान्स इन्कममधूनच उलटवायचे. उरलेले ₹२,६९,३४५ मागच्या वर्षांचे. एएस लावणाऱ्या कंपनीत ते एएस ५ प्रमाणे प्रायर पीरियड आयटम म्हणून नफा-तोट्यात वेगळी ओळ करून दाखवायचे. इंड एएस लावणाऱ्यांना मागच्या वर्षांचे आकडे दुरुस्त करून मांडावे लागतात. दोन्हीकडे डेफर्ड टॅक्सची बाकी पुन्हा काढा, कारण ती चुकीच्या नेट इन्व्हेस्टमेंटवरच बसलेली असते. आणि व्हाउचरच्या नॅरेशनमध्ये जुना तक्ता, नवा तक्ता आणि दोन्हींच्या तारखा लिहा. पुढचा ऑडिटर नेमका तोच कागद मागतो.

दुसऱ्या फरकात, म्हणजे बँकेची रक्कम थेट लीजला गेली असेल तिथे, नफा-तोट्याला हातच लावायचा नाही. बिलाच्या वेळी फक्त जीएसटीची एन्ट्री झाली असेल आणि जीएसटी रिटर्न बरोबर असतील तर मिलच्या डेटर लेजरमध्ये जीएसटीच्या रकमा अजून येणं म्हणून उभ्या दिसतील, आणि टीडीएस २६एएस मध्ये दिसेल पण पुस्तकात नसेल. चार वर्षांसाठी मिळून: टीडीएस येणे डेबिट ₹४४,०४४, नेट इन्व्हेस्टमेंट डेबिट ₹३,५२,३५५.६०, मिल क्रेडिट ₹३,९६,३९९.६०. हे व्हाउचर टाकण्याआधी जुन्या वर्षांचा टीडीएस त्या त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये घेतला होता का ते पाहून घ्या. घेतला नसेल तर ते येणं वसूल होईलच असं धरून चालू नका.